बेंझिनमध्ये टोल्युइन किती? तापमान आणि दाबावरून अंदाज बांधणारा सॉफ्ट सेन्सर, पायरीपायरीने

चाळीस ट्रेचा एक डिस्टिलेशन कॉलम आहे असं धरू. खालून टोल्युइन निघतं, वरून बेंझिन. वरच्या मालात टोल्युइन १ मोल टक्क्याच्या आत राहिलं पाहिजे. पण ते मोजायचं कसं? सॅम्पल लॅबमध्ये जातं, गॅस क्रोमॅटोग्राफवर चढतं आणि आकडा कंट्रोल रूममध्ये येईपर्यंत दोन-तीन तास उलटलेले असतात. तोवर कॉलममध्ये वेगळाच माल असतो. म्हणून ऑपरेटर काय करतो? भीतीपोटी रिफ्लक्स जास्त ठेवतो. माल ०.५ टक्क्यावर जातो, लॅबवाले खूश, आणि रिबॉइलर गरजेपेक्षा जास्त वाफ पीत राहतो.

या दोन-तीन तासांच्या अंधारात दर काही सेकंदांनी मिळणाऱ्या दोन गोष्टी आहेत: तापमान आणि दाब. त्यांच्यावरून न मोजलेल्या टोल्युइनचा आकडा काढणारं गणित म्हणजे सॉफ्ट सेन्सर. त्या काढलेल्या आकड्यावर लूप चालवला की झालं इन्फरेन्शियल कंट्रोल. हे नाव १९७८ साली बाबू जोसेफ आणि कोलमन ब्रॉसिलो यांच्या शोधनिबंधांमुळे रूढ झालं. खाली एकच कॉलम धरून सगळं करून दाखवतो. आकडे टोल्युइन-बेंझिनच्या बाष्पदाबाच्या समीकरणांवरून आणि साध्या ट्रे-टू-ट्रे गणितावरून काढलेले आहेत, त्यामुळे तुम्ही कागदावर पडताळू शकता.

आधी एक प्रश्न: हे शक्य का आहे?

द्रव आणि वाफ समतोलात असतील आणि घटक दोनच असतील, तर गिब्सच्या फेज रूलप्रमाणे फक्त दोन गोष्टी मोकळ्या उरतात. तापमान आणि दाब ठरले की द्रवातलं बेंझिन किती हेही ठरलंच. म्हणजे ट्रेवरचा थर्मामीटर एका अर्थाने ॲनालायझरच आहे. मात्र त्याला दाब सांगावा लागतो.

घटक तीन झाले की हा हिशोब मोडतो. तेव्हा एकाच तापमान-दाबाला रचना अनेक असू शकतात. ही मर्यादा आत्ताच लक्षात ठेवा, शेवटी परत तिच्याकडे यायचं आहे.

पायरी १: थर्मामीटर कुठल्या ट्रेवरचा घ्यायचा

पहिला मोह असतो तो वरच्या वाफेचं तापमान घेण्याचा. माल तिथूनच जातो, मग तिथलंच तापमान खरं सांगणार, असं वाटतं. प्रत्यक्षात तीच सगळ्यात वाईट जागा आहे.

शुद्ध बेंझिन १०१.३ किलोपास्कलला ८०.१ अंशांना उकळतं. त्यात १ टक्का टोल्युइन मिसळलं तर द्रवाचा उत्कलनबिंदू वाढतो फक्त ०.२ अंशाने. आणि तेवढाच फरक दाब ०.६ किलोपास्कलने हलला तरी पडतो. पीटी-१०० थर्मामीटर क्लास ए चा घेतला तरी ८० अंशांना त्याला ०.३ अंशाची सूट असते. म्हणजे मालाची अख्खी स्पेक जितक्या फरकात मावते, तेवढी चूक सेन्सरला माफ आहे. अशा आकड्यावर लूप चालवणं म्हणजे वजनकाट्यावर बोट ठेवून वजन करण्यासारखं.

मग खाली उतरायचं. कॉलममध्ये वरून खाली येताना प्रत्येक ट्रेला टोल्युइन वाढत जातं, आणि वर झालेला लहानसा बदल खाली मोठा होऊन दिसतो. आपल्या कॉलमसाठी रिफ्लक्स रेशो ३ आणि सापेक्ष बाष्पशीलता २.५५ धरून मी गणित केलं. वरच्या मालात टोल्युइन १.० वरून १.५ टक्के झालं, तर पहिल्या आदर्श ट्रेवर ते २.५ वरून ३.७ टक्के होतं. तापमानात फरक पाव अंश. चौथ्या आदर्श ट्रेवर १७.७ वरून २४.२ टक्के होतं, आणि तापमान दीड अंशाने सरकतं. ट्रेची कार्यक्षमता दोन तृतीयांशाच्या आसपास धरली तर चौथा आदर्श ट्रे म्हणजे वरून साधारण सहावा खराखुरा ट्रे. तिथे आपली खूण सहापट मोठी झाली.

आणखी खाली गेलं तर? खूण अजून मोठी होते, पण एक घोळ सुरू होतो. खालचा ट्रे मालापेक्षा रिफ्लक्सचं जास्त ऐकायला लागतो. माल तसाच १ टक्क्यावर ठेवून रिफ्लक्स रेशो ३ वरून ४ केला, तर सहाव्या खऱ्या ट्रेवरचं तापमान अर्ध्या अंशाने वाढतं. ते मालात सुमारे ०.१६ टक्के वाढ झाल्यासारखं दिसतं. नवव्या ट्रेवर तोच बदल ०.४ टक्के वाढ झाल्यासारखा दिसतो. वर गेलं तर खूण लहान, खाली गेलं तर फसवी. मधली जागा शोधायची असते, आणि तिच्यासाठी सूत्र नाही. सिम्युलेशनमध्ये रिफ्लक्स आणि फीड थोडे-थोडे हलवून प्रत्येक ट्रेचं तापमान किती सरकतं याचा तक्ता काढा. मालाच्या बदलाला ठळक आणि बाकीच्या बदलांना मंद असा ट्रे निवडा. पुष्कळदा थर्मोवेल तिथे नसतो आणि शेजारच्या ट्रेवर समाधान मानावं लागतं. हरकत नाही, एक-दोन ट्रेने फार बिघडत नाही.

पायरी २: तापमानातून दाब वजा करा

सहाव्या ट्रेवर १ किलोपास्कल दाब वाढला की तापमान ०.३२ अंशाने वाढतं, आणि रचना तीच असते. एक अंश मालाच्या भाषेत साधारण ०.३ टक्के, म्हणजे १ किलोपास्कलची चूक मालात ०.१ टक्क्याची चूक. दाब किती हलतो ते एकदा आपल्या ट्रेंडवर पाहा, मग ही पायरी सोडायचा विचार मनात येणार नाही.

इथे दोन बारकावे आहेत, आणि दोन्ही सर्रास चुकतात.

पहिला बारकावा असा की दाब त्या ट्रेचा हवा. ट्रान्समीटर बहुधा कॉलमच्या माथ्यावर असतो. माथा आणि सहावा ट्रे यांच्यामध्ये ट्रेंचा दाबफरक असतो, आणि तो वाफेच्या प्रवाहाबरोबर बदलतो. चाळीस ट्रेचा मिळून फरक २८ किलोपास्कल असेल तर सहा ट्रेच्या वाट्याला ४.२ येतात. लोड वाढून फरक ३४ झाला तर ५.१. माथ्याचा दाब तसूभर हलला नाही तरी सहावा ट्रे पाव अंशापेक्षा जास्त तापतो. म्हणून कॉलमचा दाबफरक मोजणारा ट्रान्समीटर असेल तर त्याचा सहा-चाळिसांश वाटा माथ्याच्या दाबात मिळवा.

दुसरा बारकावा जास्त छुपा आहे. मॉडेलला अ‍ॅब्सोल्यूट दाब लागतो आणि ट्रान्समीटर बहुधा गेजचा असतो. एका कॉलमवर मी जवळजवळ दोन आठवडे डोकं आपटलं. कंडेन्सर वातावरणाला उघडा होता, गेज ट्रान्समीटर ठामपणे शून्याजवळ सांगत होता, आणि तरी लॅबशी जुळवायला मॉडेलला द्यावी लागणारी दुरुस्ती, म्हणजे बायस, दर काही दिवसांनी सावकाश लहरत होती. लॅबवर संशय घेतला, थर्मामीटर बदलला. शेवटी बायसच्या आलेखावर हवामानाचा दाब काढून ठेवला तेव्हा दोन रेषा एकमेकींवर बसल्या. बाहेरची हवा २ किलोपास्कलने उतरली की ट्रे ०.६ अंशाने थंड होतो, आणि मॉडेल माल ०.२ टक्क्याने शुद्ध झाल्याचं सांगतं. गेज ट्रान्समीटरला हे दिसणंच शक्य नसतं. अ‍ॅब्सोल्यूट ट्रान्समीटर बसवा, किंवा निदान बॅरोमीटरचा आकडा मिळवा.

पायरी ३: सूत्र

दाबाची दुरुस्ती करायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे संदर्भ दाब ठरवून तापमानातून ०.३२ गुणिले दाबातला फरक वजा करणं. बहुतेक ठिकाणी हेच करतात आणि ते चालतं. पण थोडीशी जास्त मेहनत घेतली तर याहून सरळ मॉडेल मिळतं. १९९१ साली मेजडेल आणि स्कोगेस्टाड यांनी डिस्टिलेशनच्या तापमानांवरून रचना काढताना तापमान आणि रचना दोन्हींचे लॉगॅरिदम घेण्याचा मार्ग दाखवला. कल्पना अशी: ट्रेचं तापमान शुद्ध बेंझिनच्या उत्कलनबिंदूपासून किती वर आहे आणि शुद्ध टोल्युइनच्या उत्कलनबिंदूपासून किती खाली आहे, या दोन अंतरांचं गुणोत्तर घ्यायचं आणि त्याचा लॉग.

```
P6 = Ptop + (6/40)*dP
Tb = 1211.033/(6.90565 - log10(7.5006*P6)) - 220.79
Tt = 1344.8/(6.95464 - log10(7.5006*P6)) - 219.482
L  = ln((T6 - Tb)/(Tt - T6))
xD = exp(a + b*L - c*(R - 3))
```

`P6` हा सहाव्या ट्रेचा अ‍ॅब्सोल्यूट दाब किलोपास्कलमध्ये, `T6` तिथलं तापमान, `R` रिफ्लक्स रेशो, आणि `xD` हे मालातलं टोल्युइन मोल टक्क्यांत. `Tb` आणि `Tt` हे त्याच दाबाला बेंझिन आणि टोल्युइनचे उत्कलनबिंदू. दाब वाढला की दोघेही आपोआप वर सरकतात, म्हणजे दाबाची दुरुस्ती सूत्राच्या पोटातच झाली.

सरळपणा किती मिळतो पाहा. १०५ किलोपास्कलला बेंझिन ८१.२६ आणि टोल्युइन १११.८८ अंशांना उकळतं. ट्रे-टू-ट्रे गणितात माल ०.५, १.० आणि १.५ टक्के असताना सहाव्या ट्रेचं तापमान अनुक्रमे ८३.३०, ८५.०४ आणि ८६.५५ येतं. `L` येतो −२.६४, −१.९६ आणि −१.५७. मालाचा लॉग `L` समोर मांडला तर तिन्ही बिंदू एका रेषेवर पडतात: `a = 2.00`, `b = 1.02`. आणि रिफ्लक्सच्या दुरुस्तीसाठी `c = 0.15`.

आता एक प्रत्यक्ष वाचन सोडवू. माथ्याचा दाब १०३.०, कॉलमचा फरक ३०, सहाव्या ट्रेचं तापमान ८६.०, रिफ्लक्स रेशो ३. ट्रेचा दाब झाला १०३ + ४.५ = १०७.५. त्या दाबाला बेंझिन ८२.०३ आणि टोल्युइन ११२.७२ अंशांना उकळतं. गुणोत्तर ३.९७ भागिले २६.७२, त्याचा लॉग −१.९०७. मालाचा अंदाज १.०६ टक्के. हेच वाचन दाबाकडे न पाहता, १०५ किलोपास्कल गृहीत धरून केलं असतं तर उत्तर आलं असतं १.३१ टक्के. लूपने रिफ्लक्स वाढवला असता, वाफ जाळली असती, आणि माल उगाच शुद्ध झाला असता.

पायरी ४: गुणांक प्लांटच्या आकड्यांवरून बसवा

वरचे `a` आणि `b` आदर्श गणितातले आहेत. ते सुरुवात म्हणून घ्या. खरे गुणांक लॅबच्या नमुन्यांवर रिग्रेशन करून काढायचे, आणि इथे गणितापेक्षा घड्याळ जास्त त्रास देतं.

सॅम्पल बहुधा रिफ्लक्स ड्रममधून किंवा त्याच्या पुढच्या पंपावरून घेतात. ड्रममध्ये ५ घनमीटर द्रव आणि त्यातून रिफ्लक्स व माल मिळून तासाला २० घनमीटर जात असतील, तर बाटलीतला माल सरासरी १५ मिनिटं जुना असतो. म्हणून लॅबच्या आकड्याशी तुलना करायला अंदाज तसाच १५ मिनिटांच्या फर्स्ट-ऑर्डर फिल्टरमधून काढा. नियंत्रणासाठी मात्र फिल्टर न केलेलाच वापरा, नाहीतर सॉफ्ट सेन्सरचा वेग हा जो मुख्य फायदा तोच गेला.

त्याहून मोठी भानगड म्हणजे बाटलीवरची वेळ. शिफ्टच्या रजिस्टरमध्ये "सहा वाजता" असं लिहिलेलं असतं, आणि सॅम्पल प्रत्यक्षात पावणेसहा ते सव्वासातच्या मध्ये कधीतरी भरलेलं असतं. सॅम्पल घेणाऱ्याला यात दोष देऊ नका, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की वेळ महत्त्वाची आहे. सॅम्पल पॉइंटजवळ एक बटण बसवा, सॅम्पल घेताना ते दाबलं की डीसीएसमध्ये वेळ नोंदते. इतकी स्वस्त सुधारणा या सगळ्या कामात दुसरी नाही.

वेळेची चूक गुणांकांना एका ठराविक दिशेने ओढते. चुकीच्या वेळेचं तापमान घेतलं म्हणजे `L` मध्ये गोंधळ आला, आणि स्वतंत्र चलातल्या गोंधळाने रिग्रेशनचा उतार नेहमी शून्याकडे झुकतो. म्हणून `b` कुठे पडतो ते पाहा. तो १ च्या आसपास असायला हवा. ०.४ आला तर मॉडेल "बसलं" म्हणून आनंद मानू नका. वेळा तपासा, किंवा आकड्यांमध्ये पुरेशी हालचालच नाही हे ओळखा.

हालचालीचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. ट्रेचं तापमान आधीच लूपवर असेल तर सहा महिन्यांच्या नोंदींतही ते ०.३ अंशाच्या पट्ट्यात असतं. त्यात शिकण्यासारखं काही नसतं. जे काही चढउतार दिसतात ते दाबाचे, लॅबचे, किंवा निव्वळ आवाजाचे. उत्पादन विभागाशी बोलून दोन-तीन आठवडे मालाचं लक्ष्य मुद्दाम ०.५ ते १.४ टक्क्यांमध्ये फिरवा, प्रत्येक पातळीवर कॉलम स्थिर होऊ द्या, आणि मग सॅम्पल घ्या. असे साठ-सत्तर नमुने सहा महिन्यांच्या झोपलेल्या आकड्यांपेक्षा मोलाचे ठरतात. नमुने काढून टाकायचे तर कारण लिहूनच काढा: कॉलम स्थिर नव्हता, ट्रान्समीटरची दुरुस्ती चालू होती, वगैरे. नुसता रेषेपासून लांब पडला म्हणून काढलेला नमुना कदाचित सगळ्यात जास्त सांगणारा असतो.

सगळ्या ट्रेंची तापमानं एकदम रिग्रेशनमध्ये टाकण्याची एक सवय असते. शेजारच्या ट्रेंची तापमानं एकमेकांबरोबरच हलतात, त्यामुळे साधं रिग्रेशन एका ट्रेला मोठा धन आणि शेजाऱ्याला तेवढाच मोठा ऋण गुणांक देतं. जुन्या आकड्यांवर ते छान बसतं. मग दोहोंपैकी एक थर्मामीटर ०.३ अंशाने सरकतो आणि अंदाज आकाशात जातो. बरेच ट्रे वापरायचेच असतील तर पार्शल लीस्ट स्क्वेअर्स वापरा, मेजडेल-स्कोगेस्टाड यांनीही तेच केलं होतं. दोनच घटकांच्या कॉलमला माझं मत एका नीट निवडलेल्या ट्रेला आहे. चुकला तर कुठे चुकला हे तरी कळतं.

पायरी ५: लॅबने मॉडेल हळूच ओढून घ्या

ट्रेची कार्यक्षमता बदलते, थर्मामीटर सरकतात, फीड बदलतं. म्हणून `a` ला लॅबच्या प्रत्येक निकालाने थोडं हलवायचं. `a` मधली ही भर म्हणजेच बायस. `b` आणि `c` ला हात लावायचा नाही.

समजा सॅम्पलच्या वेळेला फिल्टर केलेला अंदाज ०.९५ होता आणि लॅब म्हणते १.१०. लॉगमधला फरक ०.१४७. त्याचा ०.३ भाग घेतला तर ०.०४४. `a` झाला २.०४४ आणि तोच अंदाज आता ०.९९ दाखवेल. पूर्ण फरक का घ्यायचा नाही? कारण क्रोमॅटोग्राफलाही चूक असते, बाटलीलाही असते. पूर्ण फरक घेतला तर दर निकालाला तुम्ही लॅबचा आवाज कॉलममध्ये पंप कराल.

तुलना सॅम्पलच्या क्षणाशी करायची, निकाल हातात आल्याच्या क्षणाशी नव्हे. हे वाचताना उघड वाटतं, पण तीन तासांपूर्वीचा अंदाज इतिहासातून काढणारा कोड लिहावा लागतो आणि घाईत तो राहून जातो.

आणि एक राखण ठेवा. फरक नेहमीच्या विखुरण्याच्या तिप्पट असेल तर बायस न हलवता दुसरं सॅम्पल मागा. दुसरंही तेच बोललं तर मॉडेल चुकलंय.

पायरी ६: लूप बंद करा

मालाच्या अंदाजाने थेट रिफ्लक्स व्हॉल्व्ह हलवण्यापेक्षा कॅस्केड बरा. आतला वेगवान लूप सहाव्या ट्रेचं तापमान रिफ्लक्सने सांभाळतो. बाहेरचा सावकाश भाग त्याला सेटपॉइंट देतो. सूत्र उलटं फिरवता येतं, हा इथला मोठा फायदा आहे. मालाचं लक्ष्य ०.९ टक्के, रिफ्लक्स रेशो ३, तर `L` हवा −२.०६४, आणि

```
q   = exp(L)
T6sp = (Tb + q*Tt)/(1 + q)
```

१०५ किलोपास्कलला सेटपॉइंट येतो ८४.७१ अंश, १०७.५ ला ८५.४९. दाब बदलला की सेटपॉइंट स्वतःच सरकतो, कुणी वाट पाहायची गरज नाही.

इथे एक खड्डा आहे. दाबाचा ट्रान्समीटर क्षणात सांगतो, पण थर्मामीटर थर्मोवेलमध्ये असतो आणि त्याला अर्धा-एक मिनिट उशीर होतो. दाब अचानक १ किलोपास्कलने उडाला की पहिल्या मिनिटात सूत्राला नवा दाब आणि जुनं तापमान मिळतं. माल १.० टक्क्यावरच असताना अंदाज ०.९ दाखवतो, आणि लूप रिफ्लक्स कापतो. नंतर तापमान येऊन पोहोचतं आणि अंदाज परत उडतो. ट्रेंडवर हे ओळखणं सोपं आहे: दाबाच्या प्रत्येक धक्क्याला अंदाजाची उलट्या दिशेने टोकदार सुई दिसते. उपाय सोपा, दाबाच्या वाचनाला थर्मोवेलइतकाच फिल्टर लावा म्हणजे दोन्ही बातम्या एकाच वेळी पोहोचतील. रिफ्लक्स रेशोची दुरुस्तीही अशीच फिल्टर करून घ्या. नाहीतर लूप रिफ्लक्स हलवतो, रिफ्लक्स अंदाज हलवतो, आणि अंदाज लूपला हलवतो.

सेटपॉइंटला वरखाली मर्यादा घाला, उदाहरणार्थ ८३.५ ते ८६.५. आणि कोडमध्ये एक तपासणी हवीच: `T6` जर `Tb` पेक्षा कमी झालं तर लॉगच्या पोटात ऋण आकडा जातो. कॉलम सुरू करताना आणि दाबाचा ट्रान्समीटर बिघडल्यावर हे हमखास होतं. दोघांत ०.३ अंशापेक्षा कमी अंतर राहिलं की अंदाजाला "खराब" असा शिक्का मारा आणि सेटपॉइंट शेवटच्या चांगल्या आकड्यावर गोठवा. आतला तापमानाचा लूप चालूच राहतो, ऑपरेटरला हातात काही घ्यावं लागत नाही. सॉफ्ट सेन्सर वाईट दिवशी कसा वागतो यावरच ऑपरेटर तो चालू ठेवणार की बंद करणार हे ठरतं.

बिघाड कसा ओळखायचा

बायसचा आलेख हे इथलं सगळ्यात कामाचं साधन. तो शून्याभोवती वरखाली नाचत असेल तर तो लॅबचा आवाज. सलग चार-पाच निकाल एकाच दिशेने ओढत असतील तर काहीतरी खरंच सरकलंय, आणि बायस ते झाकतोय.

थर्मामीटर सरकलाय का हे शेजाऱ्यांवरून कळतं. पाचवा, सहावा, सातवा ट्रे यांची तापमानं खाली जाताना वाढलीच पाहिजेत, आणि त्यांच्यातली अंतरं रचनेबरोबर एकत्रच हलली पाहिजेत. एकट्या सहाव्याचा सूर वेगळा लागला तर दोष त्याच्यात. तीनही मिळून सरकले तर दाब किंवा रचना पाहा. ट्रे पूर येऊन भरले तर दाबफरक चढतो आणि ट्रेची कार्यक्षमता कोसळते. तेव्हा `a` आणि `b` दोन्हींचा अर्थ जातो, आणि अशा काळात बायस अपडेट बंद ठेवणंच शहाणपणाचं.

आता तो तिसरा घटक. फीडमध्ये थोडं हेक्झेन आलं तर ते बेंझिनपेक्षा हलकं असल्याने ट्रेचं तापमान खाली ओढतं, आणि मॉडेल टोल्युइन कमी झालं असं समजून रिफ्लक्स कापतं. मालात टोल्युइन वाढतं आणि सॉफ्ट सेन्सर मात्र समाधानी असतो. हे लॅबच्या क्रोमॅटोग्रामवर लगेच दिसतं: टोल्युइनचा आकडा मॉडेलपेक्षा जास्त, आणि बेंझिनच्या आधी एक नवं शिखर. म्हणून लॅबकडून फक्त टोल्युइनचा आकडा घेऊ नका, पूर्ण विश्लेषण घ्या. सायक्लोहेक्झेन आणखी वाईट. ते ८०.७ अंशांना उकळतं, बेंझिनपासून जेमतेम अर्ध्या अंशावर. मालात ते २ टक्के आलं तरी तापमानात त्याची खूण जवळजवळ उमटत नाही. ते कुठल्याही ट्रेच्या थर्मामीटरला दिसणार नाही, मॉडेल कितीही हुशार असलं तरी. फीडमध्ये ते बदलत असेल तर तिथे ऑनलाइन क्रोमॅटोग्राफ लागतोच. सॉफ्ट सेन्सर मग त्याच्या दोन निकालांमधली पंधरा-वीस मिनिटं भरून काढतो आणि दर निकालाला त्याच्याकडून बायस घेतो.